बाल्कनीच्या रेलिंगला वरून पाइप जोडू नका: व्यवस्थापक समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी सगळ्या बाल्कन्यांची रेलिंग उंच करायची, अशी आपली सूचना खालच्या फलकावर वाचली. समितीने हा विषय हातात घेतला हे बरेच झाले. पण काम कसे करायचे त्याचे जे दोन ओळींचे वर्णन सूचनेत दिले आहे, ते वाचून मला पत्र लिहायला बसावे लागले. आत्ताच्या रेलिंगवर २०० मिलिमीटर उंचीवर आणखी एक आडवा पाइप वेल्ड करायचा आणि मधल्या फटींना जाळी बांधायची, असे त्यात म्हटले आहे. इमारतींच्या सांगाड्यांची गणिते करण्यात माझी तीस वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगते, या दुरुस्तीने बाल्कनी आहे त्यापेक्षा धोकादायक होईल. का, ते नीट सांगते.

आधी आपल्या बाल्कनीची मापे. परवा टेप लावून घेतली, सगळ्या मजल्यांवर हीच आहेत. लादीपासून ४५० मिलिमीटर उंचीची विटांची पॅरापेट भिंत. तिच्यावर ५५० मिलिमीटरचे लोखंडी रेलिंग, म्हणजे एकूण उंची १००० मिलिमीटर. निरनिराळ्या देशांच्या बांधकाम नियमांत घराच्या बाल्कनीच्या कठड्याची किमान उंची साधारण ९०० ते ११०० मिलिमीटरच्या दरम्यान सापडते. तेव्हा कागदावर आपण अगदीच वाईट नाही. गोची आहे ती उंची मोजायची कुठून, यात.

उंची लादीपासून मोजायची ती मोठ्या माणसासाठी. मुलासाठी ती मूल जिथे उभे राहू शकते तिथून मोजायची. आपल्या पॅरापेटचा माथा गिलाव्यासकट १५० मिलिमीटर रुंद आहे आणि ४५० मिलिमीटर ही जवळजवळ खुर्चीच्या बैठकीची उंची. चार वर्षांचे मूल त्यावर कुणाचीही मदत न घेता चढते. माझी नात चढली, म्हणून मला ठाऊक. गुडघा टेकवला, खालचा पाइप धरला आणि उभी राहिली. सगळा कारभार दोन-तीन श्वासांत. तिला खाली घेतल्यावर हात थरथरत होते तरी तिची उंची मोजली (धंद्याची खोड जात नाही). १०२० मिलिमीटर भरली. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य उंचीच्या साधारण ५५ ते ६० टक्क्यांवर असतो, म्हणजे तिचा तळपायापासून सुमारे ५८० मिलिमीटरवर. पॅरापेटच्या माथ्यावरून रेलिंग उरते ५५० मिलिमीटर. आधार गुरुत्वमध्याच्या खाली आला की पुढे वाकलेले मूल आधारावरून पलीकडे कलंडते, मग त्याने दोन्ही हातांनी पाइप घट्ट धरलेला असला तरी.

आता आपला नवा पाइप जोडून पाहू. पॅरापेटच्या माथ्यावरून उंची होते ७५० मिलिमीटर. ऐकायला पुरेशी वाटते. पण आपल्या रेलिंगला मध्ये, माथ्यापासून २७५ मिलिमीटरवर, एक आडवा पाइप आहे. त्यावर पाय ठेवून मूल उभे राहिले की नव्या पाइपची उंची त्याच्या पायापासून उरते ४७५ मिलिमीटर. पॅरापेटवर उभे राहिल्यावर आत्ता मिळणाऱ्या ५५० पेक्षाही कमी, आणि मूल आता लादीपासून ७२५ मिलिमीटर वर. आडवे पाइप म्हणजे शिडीच. आपण शिडीला आणखी एक पायरी जोडतो आहोत आणि चढताना हाताला धरायला दांडाही देतो आहोत.

फटींचेही तसेच. पॅरापेट आणि मधला पाइप यांच्यातली मोकळी जागा अडीचशे मिलिमीटरच्या आसपास आहे. फटीसाठी जगभर वापरात असलेली ढोबळ कसोटी अशी, की १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा कुठूनही पलीकडे जाता कामा नये. हा आकडा डोक्यावरून आला आहे, पण धोका नेहमी डोक्यापासून सुरू होत नाही. लहान मूल बऱ्याचदा पाय आधी घालते. पाय जातात, कंबर जाते, छाती जाते आणि डोके अडकते. म्हणून “एवढ्याशा फटीतून काय जाणार” हे डोळ्यांनी ठरवू नये, गोळा घालून पाहावे. लाकडी गोळा नसेल तर १०० मिलिमीटर व्यासाचा लाकडी ठोकळा सुताराकडून कातून घ्या आणि तोच सगळ्या घरांत फिरवा. रेलिंगचा शेवटचा खांब आणि बाजूची भिंत यांच्यातली फट बहुतेक जण विसरतात. आपल्याकडे ती १३० मिलिमीटर आहे.

इथपर्यंत झाली चढण्याची आणि घुसण्याची गोष्ट. मला जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या गोष्टीची, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. रेलिंग कशाला धरून उभे आहे?

घराच्या बाल्कनीच्या रेलिंगने माथ्यावर दर मीटरला साधारण ७५ किलोचा आडवा रेटा सहन करावा, असे धरून गणित करतात. आपले खांब दीड मीटरवर आहेत, म्हणजे एका खांबावर सुमारे ११५ किलो. खांब ५५० मिलिमीटर उंच. त्याच्या तळाची बेसप्लेट १०० मिलिमीटरची, आणि रेलिंग बाहेरच्या बाजूला ढकलले की प्लेटच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या दोन बोल्टांचे अंतर जेमतेम ८५ मिलिमीटर. ही तरफ झाली. लांब बाजू आखूड बाजूच्या साडेसहा पट, म्हणून वरचे ११५ किलो खाली दोन बोल्टांना ७४० किलोने उपटतात. खांब ७५० मिलिमीटरचा केला की हीच ओढ हजार किलोच्या वर जाते. वर जोडलेला पाइप वजनाला हलका असला तरी तरफ लांब झाली, हे मुख्य.

ही ओढ घेणार कोण? पंचाहत्तर मिलिमीटर लांबीचा फास्टनर. त्यातून प्लेटची जाडी, नट आणि वीस मिलिमीटर गिलावा वजा करा. विटेत शिरलेला भाग उरतो चाळीस मिलिमीटर. गिलाव्याला धरलेला बोल्ट धरलेला मानत नाहीत. आणि त्या चाळीस मिलिमीटरने धरले आहे काय, तर भिंतीच्या सर्वांत वरच्या थरातली एक वीट. तिच्यावर काहीच बोजा नाही, तीन किलो स्वतःचे वजन आणि खाली सिमेंटचा सांधा. अशी जागा निकामी होते तेव्हा बोल्ट तुटत नाही, तो विटेसकट वर येतो. पुढे काय होणार त्याची खूण आधी दिसते: बेसप्लेटच्या आतल्या बाजूला गिलाव्यात केसाएवढी आडवी भेग, पावसाळ्यानंतर तिच्यातून उतरलेला तांबूस ओघळ, आणि खांब हाताने हलवला तर पायथ्याशी “टक” असा बारीक आवाज. माझ्या बाल्कनीत दोन खांबांना तिन्ही खुणा आहेत. आपापल्या घरी जाऊन बघा. फक्त आतल्या बाजूने ओढून बघा, ढकलून नको.

समजा चांगला केमिकल अँकर वापरून बोल्ट पक्के केले. मग सगळी तरफ उतरते भिंतीच्या पायथ्याशी. साडेचार इंची विटांची भिंत, गिलाव्यासह १५० मिलिमीटर. एक मीटर लांबीच्या भिंतीचे वजन साधारण १३५ किलो आणि ते तिच्या मध्यावर, म्हणजे कडेपासून ७५ मिलिमीटरवर. तिला स्वतःच्या वजनावर उभे राहण्याची ताकद झाली १० किलो-मीटर. माथ्यावरचा ७५ किलोचा रेटा १२०० मिलिमीटर उंचीवरून तिला उलथवतो ९० किलो-मीटरने. उरलेले ८० किलो-मीटर सिमेंटच्या पातळ सांध्याने ओढ घेऊन पेलायचे, आणि सांधा ओढ घेण्यात अगदी कच्चा. आजवर भिंत उभी आहे ती कुणी तेवढ्या जोराने रेटले नाही म्हणून. पॅरापेटला रेलिंग बांधून टाकणे हा पर्याय पॅरापेट सिमेंट काँक्रीटचे असेल आणि त्याच्या सळया स्लॅबमध्ये गुंतलेल्या असतील तरच खरा. आपले तसे नाही. शंका असेल तर कोपऱ्यात दोन इंच गिलावा काढून पाहा, लाल वीट दिसेल.

मग करायचे काय? मी दोन पर्याय तपासले.

पहिला, नवे खांब भिंतीच्या आतून थेट स्लॅबवर उभे करायचे. काँक्रीट बोल्ट धरते, हिशेब सुटतो. पण आपली बाल्कनी भिंतीतून बाहेर आलेला कॅन्टिलिव्हर स्लॅब आहे. अशा स्लॅबची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, खालच्या नव्हे. लादी काढून ड्रिल मारणारा कामगार नेमका तिच्यावर जातो, सळई लागली की जोर लावून कापतो आणि पुढच्या भोकाकडे वळतो. रेलिंगसाठी बाल्कनीच कमजोर करून ठेवायची. सळई शोधण्याचे यंत्र लावून हे टाळता येते, पण त्याशिवाय वॉटरप्रूफिंगला दर खांबाला चार भोके पडतात आणि गळतीवरून खालच्या मजल्याशी होणारी भांडणे समितीला मी सांगायला नकोत.

दुसरा पर्याय मला जास्त पटतो. आपल्या बाल्कनीच्या दोन्ही टोकांना काँक्रीटचे कॉलम आहेत आणि मधले अंतर आहे ३ मीटर. माथ्याचा आडवा पाइप एका कॉलमपासून दुसऱ्या कॉलमपर्यंत सलग घालायचा: ५० बाय ५० चा चौकोनी पाइप, जाडी ३ मिलिमीटर, लादीपासून १२०० मिलिमीटर उंचीवर. पूर्ण रेटा धरला तरी तो सुमारे २० मिलिमीटर वाकतो आणि परत जागेवर येतो. दोन्ही टोकांना येतात प्रत्येकी ११२ किलो. आणि गंमत अशी की इथे बोल्ट उपटला जात नाही, आडवा रेटला जातो. काँक्रीटमधल्या बोल्टाला हा मार सोपा. कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून बोल्ट किमान १०० मिलिमीटर आत ठेवायचा, एवढी एकच अट. खालचा पाइप पॅरापेटच्या आतल्या अंगाला, लादीपासून ५० मिलिमीटरवर बसवायचा. भिंतीच्या अगदी पायथ्याशी असल्याने तिथे तरफच नाही, भिंतीला फक्त खालची कड जागेवर धरायची आहे. या दोन पाइपांमध्ये उभे गज किंवा जाळी किंवा काच.

आतल्या अंगाला, हे मी मुद्दाम म्हणते आहे. तीच जाळी पॅरापेटच्या माथ्यावर किंवा बाहेरच्या कडेला लावली तर १५० मिलिमीटरची पायरी आत राहते आणि सगळे गणित पुन्हा ४५० पासून सुरू होते. आत लावली की पायरी जाळीच्या पलीकडे जाते आणि लादीपासून १२०० मिलिमीटरपर्यंत पाय ठेवायला काहीच उरत नाही. बाल्कनीची आतली जागा पन्नासेक मिलिमीटर कमी होईल. तक्रार येईल, येऊ द्या. पलीकडच्या माथ्यावर सिमेंटचा तिरका उतार काढावा, म्हणजे पाणी आणि घाण साचणार नाही आणि तिथे कुंडी ठेवायचा मोहही कुणाला होणार नाही.

आता भरायचे काय, यावर व्हॉट्सॲपवर बरीच चर्चा झालेली दिसते. कबुतरांची नायलॉनची जाळी आधीच आहे, मग आणखी कशाला, असे तिघांनी लिहिले आहे. ती जाळी कबूतर अडवते. प्लास्टिकच्या गुट्ट्यांत बसवलेल्या हुकांना ती टाचलेली असते, उन्हाने दोन-चार वर्षांत ठिसूळ होते आणि पंधरा किलोचे मूल टेकले तर एक हुक निघून बाकीचे चेन उघडावी तसे निघत जातात. तिचा या कामाशी संबंध नाही.

ताणलेल्या बारीक स्टील तारांची, जवळजवळ न दिसणारी जाळीही काहींना हवी आहे. तारा उभ्याच हव्यात आणि कायम ताणलेल्या हव्यात. पन्नास मिलिमीटर अंतरावरच्या दोन तारा सैल झाल्या तर हाताने सहज फाकतात, म्हणून तो लाकडी ठोकळा नुसता टेकवून नव्हे, जोर लावून पाहायचा. दरवर्षी ताण तपासणारे कुणी असेल तर हा पर्याय चालेल. आपल्याकडे लिफ्टच्या देखभालीचे काय होते ते आठवा.

माझी पसंती चौकटीत वेल्ड केलेल्या बारीक जाळीला आहे, भोक १२ मिलिमीटरपेक्षा मोठे नको. पन्नास मिलिमीटरच्या भोकात मुलाच्या पायाची बोटे छान बसतात आणि जाळीची पुन्हा शिडी होते. बाराच्या भोकात बसत नाहीत. बारीक जाळी नको असेल तर उभे गज, मधले अंतर ९० मिलिमीटर.

काच हवी असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. नुसती टफन्ड काच नको. ती फुटली की सगळीच्या सगळी दाण्यांसारखी गळून पडते आणि जिथे काच होती तिथे भोक उरते. क्वचित ती काही न लागताही फुटते, काचेत राहून गेलेल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे. इथे लॅमिनेटेड काच लागते: टफन्ड काचेचे दोन थर आणि मध्ये चिकट पारदर्शक पडदा. फुटली तरी पडदा तुकडे धरून ठेवतो आणि वरचा पाइप तिला जागेवर ठेवतो. ओळखायची कशी, तर कडेकडून पाहायची. दोन थरांमध्ये पडद्याची बारीक रेघ दिसली पाहिजे. कड चौकटीत बुजवण्याआधीच बघा, नंतर दिसणार नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. जाळीतून वारा बराचसा निघून जातो, काच त्याला अडवते. वरच्या मजल्यांवर वादळी वाऱ्याचा दाब चौरस मीटरला १५० किलो धरला, तर ११५० मिलिमीटर उंच काचेवर दर मीटरला सुमारे १७० किलो येतात आणि त्यातले निम्मे, ८५ किलो, वरच्या पाइपवर. म्हणजे माणसांच्या ७५ किलोपेक्षा वारा जड झाला. म्हणून काच लावायची असेल तर पाइपची जाडी मजल्यागणिक वेगळी ठरवावी लागेल. खालच्या मजल्याचा नमुना पाहून चौदाव्या मजल्यावर तेच बसवू नये.

बाल्कनी छतापर्यंत बंद करा, असा आग्रह धरणाऱ्यांना एवढेच सांगते की आग लागली तर धूर भरलेल्या घरातून माणसे बाल्कनीत येतात. अग्निशमनवाल्यांची शिडी तिथेच लागते. १२०० मिलिमीटरच्या वर मोकळे राहू द्या.

हेही खरे की १२०० मिलिमीटर ही तटबंदी नव्हे. सात-आठ वर्षांचे चपळ मूल उडी मारून लटकेल आणि वर येईल. खुर्ची ओढून आणली तर चार वर्षांचेही येईल. एसीचे बाहेरचे युनिट बाल्कनीत कठड्याला खेटून ठेवलेली सतरा घरे मी खालून मोजली. ते युनिट म्हणजे न हलणारी खुर्ची. नवीन रेलिंग लावण्याआधी ती युनिट्स बाजूच्या भिंतीला हलवायला हवीत, आणि ते काम समितीच्या पत्राशिवाय कुणी करणार नाही.

कामाचा क्रम उलटा होऊ नये म्हणून लिहून ठेवते. आधी आतली नवी चौकट पूर्ण बसवायची, तपासायची आणि मगच बाहेरचे जुने रेलिंग कापायचे. फॅब्रिकेटरला जुने आधी काढणे सोयीचे असते. त्या एका रात्रीसाठी दोरी बांधून ठेवू, असे तो म्हणेल. नाही म्हणा.

तपासणी सोपी आहे. नव्या पाइपच्या बरोबर मध्यावर पट्टा बांधायचा, त्याला लटकता वजनकाटा, काट्याला चेनपुली आणि चेनपुली खोलीच्या आतल्या पक्क्या कॉलमला. काट्यावर ११२ किलो येईपर्यंत आत ओढायचे. सगळ्या लांबीवर पसरलेला २२५ किलोचा रेटा पाइपला जेवढा ताण देतो, मध्यावर एकवटलेले ११२ तेवढाच ताण देतात. पाइप मध्यावर १६ मिलिमीटरच्या आसपास सरकला पाहिजे. पाच मिनिटे तसेच ठेवून सैल सोडले की पुन्हा शून्यावर आला पाहिजे. १६ च्या जागी ३० सरकला तर पाइप सांगितल्यापेक्षा पातळ आहे. परत आला नाही तर टोकाचा बोल्ट सरकला आहे किंवा पाइप कायमचा वाकला आहे. दोन्हीत काम नापास.

कोपऱ्यावरच्या घरांच्या बाल्कन्या दोन बाजूंनी उघड्या आहेत आणि कोपऱ्याला कॉलम नाही. हा उपाय तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे कोपऱ्यात एक खांब स्लॅबवर घ्यावाच लागेल, सळई शोधून. त्या घरांचे रेखाचित्र मी वेगळे करून देते.

पहिला नमुना माझ्या बाल्कनीत करा, खर्च माझा. येत्या रविवारी सकाळी दहाला मी चेनपुली आणि काटा आणून ठेवते. आत्ताच्या रेलिंगचा एक सैल खांबही आत ओढून दाखवीन. समितीतल्या दोघा-तिघांनी आणि फॅब्रिकेटरने यावे. वेल्डिंगची ऑर्डर तोवर थांबवावी, ही विनंती.

आपली,
चौथ्या मजल्यावरची एक सभासद